गावाला ठाऊक असलेला चोर आणि कोर्टातला पुरावा

एक प्रकरण मनाशी मांडून बघू. गाव कल्पित आहे, पण आपल्या किनाऱ्यावर शोभेल असं. मे महिन्यातली रात्र, गावात जत्रा. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका फायबरच्या होडीचं आउटबोर्ड मशीन कुणीतरी काढून नेलं. सकाळी होडीवाला येऊन बघतो तर मागच्या फळीवर नुसते बोल्टचे वळ आणि वाळूत सांडलेलं तेल. दुपार व्हायच्या आत गावाने निकाल लावलेला असतो. "तोच असतलो. दुसरो कोण?"

तो म्हणजे वाडीतला पस्तिशीचा एक खलाशी. सहा वर्षांपूर्वी त्याने एका गोदामातून काजू बियांची पोती उचलली होती. त्या खटल्यात त्याला शिक्षाही झाली. तेव्हापासून कुणाचं जाळं गेलं, कुणाची कोंबडी गेली, तरी बोट त्याच्याकडेच वळतं.

आता तो मशीनच्या चोरीत आरोपी म्हणून कोर्टात उभा आहे असं धरू. सरकारी वकिलांच्या हातात काजूच्या खटल्याच्या निकालपत्राची नक्कल आहे. ती नक्कल त्यांना न्यायाधीशांपुढे ठेवून "बघा साहेब, हा सराईत चोर आहे" असं म्हणता येईल का?

येणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 49 सांगतं की फौजदारी खटल्यात आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य गैरलागू आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात हेच कलम 54 होतं, आकडा तेवढा बदलला. गावातल्या लोकांना हे पटत नाही, हे मी कोर्टाच्या व्हरांड्यात अनेकदा ऐकलंय. "वकीलसाहेब, सगळ्या गावाला ठाऊक आहे, मग कोर्टाला का सांगायचं नाही?" प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

उत्तर असं की खटला त्या माणसावर नसतो, त्या रात्रीवर असतो. त्या रात्री मशीन कुणी काढलं, एवढंच शोधायचं आहे. ज्याने एकदा पोती उचलली तो पुन्हा काहीतरी उचलेल, हा आपला अंदाज कधी खरा ठरतो, कधी नाही. अडचण ही की तो अंदाज एकदा मनात बसला की बाकीचा पुरावा तपासायची गरजच वाटेनाशी होते. पंच डळमळीत असला, वेळा जुळत नसल्या, तरी "तसा तो चोरच" या एका वाक्यावर सगळ्या फटी बुजतात. शिवाय मशीन चोरणारा खरा माणूस दुसराच असेल, तर त्याच्यासाठी याच्याइतका सोयीचा आडोसा दुसरा नाही. तपास करणाऱ्यांनाही मग पुढे जायची गरज वाटत नाही, बदनाम माणूस हाती लागला की काम झालं. मला कायद्याचा हा नियम मनापासून पटतो, आणि तो पटण्याचं मुख्य कारण हेच आहे.

पण चारित्र्य आणि वर्तन यांत फरक आहे, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. समजा जत्रेच्या दोन दिवस आधी याच आरोपीने होडीवाल्याच्या पोराला विचारलं होतं, "जत्रेच्या राती होडीर कोण राखणेक असतलो?" समजा आदल्या संध्याकाळी त्याने गॅरेजवाल्याकडून मोठा पाना उसना नेला. चोरीनंतर तो चार दिवस कुणाला न सांगता गोव्याला निघून गेला. यातली प्रत्येक गोष्ट पुराव्यात येईल. कलम 6 नुसार घटनेचा हेतू, तिची तयारी आणि घटनेशी जोडलेलं आरोपीचं आधीचं किंवा नंतरचं वर्तन लागू ठरतं. पाना नेणं हे त्याचं चारित्र्य नव्हे, तो या चोरीचाच एक धागा आहे. काजूची पोती मात्र या चोरीला कुठेच जोडलेली नाहीत. ती फक्त माणूस कसा आहे ते सांगतात.

साधी कसोटी अशी: पुढे केलेली गोष्ट त्या रात्रीकडे नेते का? का फक्त त्या माणसाच्या नावाकडे बोट दाखवते? पहिली आत येते, दुसरी बाहेर राहते.

याचा अर्थ आरोपी सुटतोच असा नाही. आपल्या प्रकरणात सरकारी पक्षाकडे बराच पुरावा आहे. आरोपीने पंचांसमोर जागा दाखवायची तयारी दाखवली, त्याच्या निवेदनावरून मेमोरंडम पंचनामा झाला, आणि गडग्याच्या पलीकडे काजूच्या बागेत पातेऱ्याखाली मशीन सापडलं. मशीनवरचा नंबर होडीवाल्याच्या बिलावरच्या नंबराशी जुळला. पाना देणारा गॅरेजवाला साक्षीला आला. हा पुरावा स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याला काजूच्या पोत्यांची टेकण लागत नाही.

आता या नियमाला एक दार आहे, आणि ते आरोपीच्या बाजूनेच उघडतं. कलम 47 म्हणतं की फौजदारी खटल्यात आरोपीचं पूर्वीचं चांगलं चारित्र्य लागू आहे. म्हणजे आरोपी "माझं नाव चांगलं आहे" असा पुरावा देऊ शकतो, सरकार मात्र आपणहून "याचं नाव वाईट आहे" असा पुरावा देऊ शकत नाही. ही सवलत फक्त एका बाजूला आहे, कारण एकीकडे सरकारची सगळी यंत्रणा आणि दुसरीकडे एकटा माणूस असतो. मात्र आरोपीने चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला की कलम 49 मधलीच तरतूद जागी होते: उत्तरादाखल सरकारी पक्षाला वाईट चारित्र्याचा पुरावा देता येतो. आणि पूर्वीची शिक्षा हा वाईट चारित्र्याचा पुरावा आहे, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे.

हे दार नकळत कसं उघडतं ते बघा. आरोपीच्या घरच्यांना वाटतं की गावातला एखादा वजनदार माणूस उभा केला तर कोर्टावर छाप पडेल. ते निवृत्त मास्तरांना घेऊन येतात. मास्तर देवळाच्या कमिटीत आहेत, त्यांचा शब्द गाव मानतं. पिंजऱ्यात ते सरळ सांगतात.

"आरोपीला किती वर्षं ओळखता?"

"लहानपणापासून. माझ्याच शाळेत होता."

"गावात त्याचं नाव कसं आहे?"

"कष्टाळू मुलगा आहे. प्रामाणिक म्हणून ओळखतात."

झालं. या शेवटच्या उत्तराने दार उघडलं. सरकारी वकील आता काजूच्या खटल्यातला निकाल पुढे करू शकतात. मास्तरांनाही उलटतपासात विचारता येतं, कारण चारित्र्याच्या साक्षीदाराचा उलटतपास आणि फेरतपास दोन्ही होऊ शकतात. "सहा वर्षांपूर्वी आरोपीला चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, हे आपल्याला माहीत आहे का?" मास्तर "माहीत आहे" म्हणाले, तर मग "प्रामाणिक म्हणून ओळखतात" या शब्दांचं काय? "माहीत नाही" म्हणाले, तर लहानपणापासून ओळखणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही? जो पुरावा महिनोन्महिने कोर्टाच्या दाराबाहेर अडवून ठेवला होता, तो एका भल्या माणसाच्या प्रामाणिक साक्षीने आत आला.

ज्याच्या पाठीशी जुनी शिक्षा आहे त्याच्यासाठी चारित्र्याचा साक्षीदार आणू नये, असं मला स्पष्ट वाटतं. घरच्यांचा आग्रह मोडणं जड जातं, पण मोडावाच लागतो. खबरदारी आणखी एका ठिकाणी घ्यावी लागते. सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासात बचावाच्या वकिलाने भरात येऊन विचारलं, "हा माणूस तुमच्या होडीवर दोन हंगाम होता, आणि गावात विश्वासू म्हणूनच ओळखला जातो ना?" आणि साक्षीदार "हो" म्हणाला, तर तेही चांगल्या चारित्र्याबद्दलचं साक्षीतलं उत्तरच झालं.

चारित्र्याची साक्ष कशी द्यायची, त्यालाही मर्यादा आहे. कलम 50 च्या स्पष्टीकरणानुसार चारित्र्य म्हणजे लौकिक आणि स्वभाव, दोन्ही. पण साक्षीदाराने बोलायचं ते एकंदर लौकिकाबद्दल आणि एकंदर स्वभावाबद्दल. सुटे प्रसंग सांगायचे नाहीत. मास्तरांनी "एकदा याला रस्त्यात सोन्याची चेन सापडली ती याने आणून दिली" असं सांगायला सुरुवात केली, तर सरकारी वकील हरकत घेतील आणि ती टिकेल. प्रसंग सुरू झाले की प्रत्येक प्रसंगाचा एक छोटा खटला उभा राहतो: चेन कुणाची, कधी सापडली, खरंच परत दिली का. मशीन राहतं बाजूला.

आणि चांगल्या चारित्र्याचं वजन तरी किती? भगवान स्वरूप विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1965 साली छापून आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की चारित्र्याचा पुरावा हा फार दुबळा पुरावा आहे. गुन्हा सिद्ध करणारा थेट पुरावा समोर असेल तर चारित्र्य त्याच्यावर मात करू शकत नाही. जिथे तराजू दोन्हीकडे सारखा झुलतोय, तिथे तो आरोपीच्या बाजूने थोडा कलू शकतो, एवढाच त्याचा उपयोग. गडग्यापलीकडे सापडलेल्या मशीनपुढे "कष्टाळू मुलगा" हे शब्द उभे राहत नाहीत.

गुन्हा नोंदवला जाणं म्हणजे शिक्षा होणं नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. आपल्याकडे "त्याच्यावर चार केसी हत" असं सहज म्हणतात. त्यातल्या दोन अजून चालू असतील, एकीत तो निर्दोष सुटला असेल, एक तडजोडीत मिटली असेल. कलमातलं स्पष्टीकरण शिक्षेबद्दल बोलतं, नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या यादीबद्दल नाही.

आता जुनी कृत्यं ज्या एका वाटेने सरळ आत येतात, ती बघू. आपल्याच प्रकरणात थोडा बदल करू. मशीन काजूच्या बागेत न सापडता बंदराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याच्या शेडमध्ये सापडलं. त्याच्यावर चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचा आरोप आहे. तो म्हणतो, "माका काय ठाऊक? दुरुस्तीक आणून दिल्यान, मी ठेवलंय." कदाचित खरंच तसं असेल. पण त्याच शेडमध्ये, त्याच दिवशी, आणखी दोन चोरीची मशीनं मिळाली, दोन वेगवेगळ्या गावच्या मालकांची, आणि दोन्हींवरचे नंबर कानस मारून पुसलेले. ही दोन मशीनं पुराव्यात येतील. कलम 12 खाली कायद्याने स्वतः दिलेलं उदाहरण जवळपास असंच आहे: चोरीची वस्तू जवळ बाळगणाऱ्याकडे त्याच वेळी चोरीच्या इतर बऱ्याच वस्तू होत्या, ही गोष्ट त्याला माहिती होती हे दाखवण्यासाठी लागू ठरते.

मग चोराच्या जुन्या पोत्यांना बंदी आणि दुरुस्तीवाल्याच्या जादा मशीनांना वाट, हे कसं? कारण दुरुस्तीवाल्याच्या खटल्यात वादाचा मुद्दाच त्याच्या मनात काय होतं हा आहे. माल त्याच्याकडे सापडला हे तो नाकारतच नाही, "ठाऊक नव्हतं" एवढंच म्हणतो. तिसरं मशीन नंबर पुसलेल्या अवस्थेत शेडमध्ये असताना "ठाऊक नव्हतं" हे किती खरं धरायचं, ते ठरवायला बाकीची मशीनं कामाला येतात. तो वाईट माणूस आहे हे दाखवायला नाहीत. खलाशाच्या खटल्यात मात्र प्रश्न आहे मशीन त्याने काढलं का, आणि काजूची पोती त्याचं काहीच उत्तर देत नाहीत.

ही वाट किती अरुंद आहे ते कलम 12 च्याच दुसऱ्या उदाहरणातून कळतं. एकाने दुसऱ्यावर मारून टाकायच्या हेतूने गोळी झाडल्याचा खटला आहे. त्याने त्याच माणसावर पूर्वीही गोळी झाडली होती, हे हेतू दाखवायला लागू. पण त्याला कुणावरही गोळ्या झाडायची सवयच आहे, हे गैरलागू. याच माणसाबद्दल, याच बाबतीत मनात काय होतं, एवढ्यापुरतंच दार उघडतं.

अपघाताच्या बचावालाही हाच न्याय लागतो. कलम 13 मधलं उदाहरण घर जाळून विम्याचे पैसे घेणाऱ्याचं आहे: तो एकामागून एक अशा घरांत राहिला, प्रत्येकाचा विमा होता, प्रत्येकाला आग लागली, प्रत्येक वेळी त्याला पैसे मिळाले. एक आग अपघात असू शकते. कोळंबी पकडणाऱ्या एखाद्या नौकामालकाच्या तीन विमा उतरवलेल्या नौका अशाच एकापाठोपाठ जळाल्या, तर "स्टोव्ह कलंडला" हे स्पष्टीकरण त्या ओळीसमोर तपासायचं असतं, एकट्याने नाही.

दिवाणी दाव्यात चित्र याहून सोपं आहे. जमिनीच्या दाव्यात शेजारी गडगा सरकवण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध असला, तरी "हा तसाच आहे, म्हणून याने माझाही सरकवला" हा पुरावा कलम 46 नुसार चालत नाही. चांगलं नाव असलेल्यालाही त्याचा फायदा नाही. तिथे लागतो मोजणीचा नकाशा, सातबारा, जुना गडगा कुठे होता हे सांगणारा माणूस. अपवाद तिथे, जिथे चारित्र्यावरच नुकसानभरपाईची रक्कम ठरते. बदनामीच्या दाव्यात ज्याचं नाव आधीच मळलेलं आहे त्याला, ज्याचं नाव स्वच्छ होतं त्याच्याइतकी भरपाई मिळणार नाही, आणि कलम 50 ते विचारात घ्यायला सांगतं.

आणखी एक नियम थोडक्यात, पण ठामपणे सांगायला हवा. लैंगिक गुन्ह्याच्या खटल्यात, संमतीचा प्रश्न असेल तेव्हा, पीडितेचं चारित्र्य किंवा तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव गैरलागू आहे. कलम 48 तसं सांगतं, आणि 2013 च्या दुरुस्तीने हा नियम जुन्या कायद्यातही आला होता. गावात बाईबद्दल जे बोललं जातं ते कोर्टाच्या दारात थांबलं पाहिजे.

परत आपल्या खलाशाकडे येऊ. हा नियम प्रत्यक्षात कुठे निसटतो? बहुधा पोलिसाच्या साक्षीत. तपासी अंमलदार सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्याच प्रश्नांना उत्तरं देताना, सांगून जातो, "आरोपी हा रेकॉर्डवरील गुन्हेगार असून..." बचावाच्या वकिलाने तिथल्या तिथे उठून हरकत घ्यायची, आणि ती हरकत साक्षीच्या कागदावर नोंदवून घ्यायची. गप्प बसलं तर वाक्य कागदावर राहतं. पुढे अपिलात हा मुद्दा काढला, तरी फेरखटला आपोआप मिळत नाही. कलम 169 नुसार अपील कोर्ट बघतं की तो नको असलेला पुरावा बाजूला काढला तरी उरलेल्यावर निकाल टिकतो का. म्हणून निकालपत्र हातात आलं की मी आधी कारणांचा भाग वाचतो. तिथे "आरोपी सराईत आहे" असं लिहून मग पंचांच्या साक्षीतल्या विसंगती सोडून दिल्या असतील, तर निकाल कशावर उभा आहे ते लगेच कळतं.

दुसरी अडचण नियमाच्या बाहेरची आहे. जामिनाच्या अर्जाला विरोध करताना पोलीस आरोपीवरच्या जुन्या गुन्ह्यांची यादी जोडतात, आणि त्या टप्प्यावर कोर्टाला ती बघता येते, कारण तिथे प्रश्न असतो की हा माणूस बाहेर आला तर काय करेल. तालुक्याच्या लहान कोर्टात तोच न्यायाधीश पुढे खटलाही चालवतो असं अनेकदा होतं. त्यांनी वाचलेलं डोक्यातून पुसून टाकायचं असतं. शिकलेली, सरावाची माणसं ते करतात यावर माझा विश्वास आहे, पण ते सोपं नाही, हेही मला दिसतं.

कायद्याला ही भीती किती खरी वाटते, याची एक खूण नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 271 मध्ये आहे. काही गुन्ह्यांत पूर्वीची शिक्षा असली की नवीन शिक्षा वाढते, आणि म्हणून ती जुनी शिक्षा दोषारोपातच लिहितात. तरीही मॅजिस्ट्रेटने तो भाग आरोपी दोषी ठरेपर्यंत वाचून दाखवायचा नाही, आरोपीला त्याबद्दल विचारायचं नाही आणि सरकारी पक्षाने त्याचा उल्लेखही करायचा नाही. सत्र न्यायालयासाठी हेच कलम 259 मध्ये आहे.

आपल्या खटल्यात मास्तरांना आणलं नाही असं धरू. मशीनचा नंबर, पंचनामा, पाना आणि जत्रेआधीचा तो प्रश्न, एवढ्यावर न्यायाधीशांनी खलाशाला दोषी ठरवलं. आता शिक्षेवर म्हणणं मांडायची वेळ आली. बचावाचे वकील विनंती करतात की तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावं. इथे मात्र माणूस कसा आहे हाच प्रश्न आहे. परिवीक्षा कायद्यात, म्हणजे 1958 च्या प्रोबेशनच्या कायद्यात, गुन्हेगाराचं चारित्र्य बघायला सांगितलंय, आणि संहितेच्या कलम 401 खाली पूर्वीची शिक्षा सिद्ध झालेली असली तर तो लाभ मिळत नाही.

सरकारी वकील फाइलमधून काजूच्या खटल्यातल्या निकालाची प्रमाणित नक्कल काढतात. बचावाचे वकील ती घेऊन वाचतात. नक्कलेवर आरोपीचं नाव तेच आहे, आडनाव तेच आहे, वडिलांच्या नावात मात्र एक अक्षर वेगळं आहे. आणि वाडीत त्याच नावाची दोन माणसं आहेत. नुसती नक्कल पुरत नाही. शिक्षा झालेला तो हाच, हे सांगणारा साक्षीदार सरकारला द्यावा लागतो. काजूच्या गुन्ह्यात ज्या हवालदाराने अटक केली होती, त्याला समन्स निघतं आणि पुढची तारीख पडते.